कॅन्डल शिकवणाऱ्या सरांना चार प्रश्न

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात एखादा पोरगा मोबाईलवर हिरव्या-लाल काड्या बघत बसलेला असतो, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या तालुक्याच्या गावात गेल्या तीन वर्षांत शेअर मार्केटचे पाच क्लास निघाले. एक तर एसटी स्टँडसमोर, आधी जिथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती तिथेच. बाहेर फ्लेक्स आहे. त्यावर एक मोठी हिरवी कॅन्डल, खाली लांब शेपटी, आणि मजकूर : ‘सपोर्टवर हॅमर दिसला की डोळे झाकून बाय’. ‘डोळे झाकून’ हे शब्द माझे नाहीत, फ्लेक्सवरचेच आहेत.

आधी माझी कबुली. मी ज्या साप्ताहिकात काम करतो, त्यात या क्लासची जाहिरात बातमीसारखी छापली गेली होती, आणि तो मजकूर मीच नीट करून दिला होता. ‘तरुणांना रोजगाराची नवी वाट’ हे शीर्षकही माझंच. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना जाहिरात आणि बातमी यांतला फरक शिकवला होता. पगार थकलेला असला की तो फरक जरा धूसर होतो. त्या अंकानंतर दोन महिन्यांनी माझ्या सख्ख्या भाच्याने त्याच क्लासची फी भरली. म्हणून हे लिहितोय.

आधी हॅमर म्हणजे काय ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांत शेतकरी आहेत, मास्तर आहेत, सगळ्यांना हे माहीत असायची गरज नाही. कॅन्डल म्हणजे चार भावांची नोंद. बाजार उघडला तेव्हाचा भाव, दिवसातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा, आणि बंद होतानाचा. उघडणं आणि बंद होणं यांच्यामधला जाड भाग म्हणजे कॅन्डलचं अंग, वर-खाली निघालेली बारीक रेघ म्हणजे शेपटी. अंग छोटं, वरच्या टोकाला, आणि खालची शेपटी अंगाच्या निदान दुप्पट असेल तर तिला हॅमर म्हणतात. गोष्ट अशी की दिवसभरात विकणाऱ्यांनी भाव खाली नेला आणि संध्याकाळपर्यंत घेणाऱ्यांनी तो परत वर आणला. बुलिश एनगल्फिंगमध्ये दोन दिवस असतात. काल छोटी लाल कॅन्डल, आज तिच्या अंगाला पूर्ण गिळणारी मोठी हिरवी. अर्थ तोच, काल विकणारे जिंकले, आज घेणाऱ्यांनी त्यांना उलटं पाडलं.

इथपर्यंत सर बरोबर शिकवतात. लबाडी पुढे आहे. आणि ती पकडायला फार अक्कल लागत नाही, त्यांचंच पुस्तक पुरेसं आहे. जपानी कॅन्डल पाश्चात्त्य जगात नेणाऱ्या स्टीव्ह निसन यांचं पुस्तक १९९१ चं. याच आकाराला त्यात दोन नावं आहेत. भाव पडत आला असेल आणि तळाशी हा आकार आला तर हॅमर. भाव चढत आला असेल आणि माथ्यावर अगदी तोच आकार आला तर हँगिंग मॅन, म्हणजे फासावरचा माणूस, आणि तो धोक्याचा इशारा. आकार एकच. एक म्हणतो घ्या, दुसरा म्हणतो सांभाळा. म्हणजे आकाराला स्वतःचा अर्थच नाही, अर्थ जागेतून येतो. हे कॅन्डलच्या व्याख्येतच लिहिलेलं असताना फ्लेक्सवर मात्र फक्त आकार छापला जातो. कारण आकार छापता येतो आणि विकता येतो. जागा बघायला शिकवायला वेळ लागतो.

आता भाच्याचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्याने काही फरक पडत नाही.

एका मध्यम कंपनीचा शेअर ३१० वरून घसरत २४० ला आला. तिथून उसळून २७५ ला गेला. परत २४० ला आला, या वेळी उसळी २६२ पर्यंतच. तिसऱ्यांदा २४०, उसळी फक्त २५४. चौथ्यांदा खाली आला तेव्हा एका मंगळवारी हॅमर बनला. उघडला २४३ ला, खाली २३२ पर्यंत गेला, वर २४६, आणि बंद २४५. अंग दोन रुपयांचं, खालची शेपटी अकरा रुपयांची. पुस्तकात छापावा असा हॅमर, आणि तोही बरोबर २४० च्या रेघेवर. क्लासच्या ग्रुपवर सरांनी तीन फटाके टाकले. भाच्याने बुधवारी सकाळी २४६ ला चारशे शेअर घेतले. ९८,४०० रुपये. त्यातले बरेचसे माझ्या बहिणीच्या भिशीचे होते, हे तिला नंतर कळलं.

बुधवारी भाव २४९ पर्यंत गेला आणि २४१ ला बंद झाला. गुरुवारी २४२. गुरुवारी संध्याकाळी कंपनीचे तिमाही निकाल आले, वाईट. शुक्रवारी शेअर २२१ लाच उघडला. पोरगा थांबला, कारण ‘सपोर्ट आहे, परत येईल’. पुढच्या आठवड्यात २०८ ला विकून मोकळा झाला. १५,२०० रुपये गेले.

सरांना भेटायला मी स्वतः गेलो. ते म्हणाले, “साहेब, मार्केटमध्ये शंभर टक्के काही नसतं.” खरं आहे. पण मग फ्लेक्सवर डोळे झाकायला का सांगता? आणि मला विचाराल तर इथे नशीब खराब नव्हतं. हा सौदा हॅमर बनायच्या आधीच खराब होता. चार प्रश्न विचारले असते तर दिसलं असतं. तेच चार प्रश्न आता जाहीरपणे विचारतो.

पहिला प्रश्न : भाव इथे आला कसा? २४० हा सपोर्ट होता, म्हणजे त्या भावाला घेणारे लोक होते. क्लासमध्ये शिकवतात की जितक्या वेळा सपोर्ट टिकला तितका तो मजबूत. आपल्या भाजीबाजाराचा विचार करा. एका भावाला माल उचलणारे दहा व्यापारी आहेत. पहिल्यांदा माल आला, चौघांनी उचलला. परत आला, तिघांनी. आता चौथ्या खेपेला कोण उरलंय? उसळ्या बघा, २७५, २६२, २५४. दर वेळी विकणारा आधीच्यापेक्षा लवकर येतोय, घेणारा दर वेळी कमी दम दाखवतोय. थोड्या दिवसांत वारंवार ठोठावलेला सपोर्ट मजबूत होत नाही, झिजतो. भाच्याला शेवटची एक कॅन्डल दिसली. तिच्या डाव्या बाजूला तीन महिन्यांचा चार्ट ओरडून काहीतरी सांगत होता, तो बघायला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरा प्रश्न : घेणारे खरंच आले होते का? हॅमरची सगळी गोष्ट ‘घेणाऱ्यांनी भाव परत वर आणला’ यावर उभी आहे. मग त्या दिवशी किती शेअरचा व्यवहार झाला हे बघायला नको? मी भाच्याच्या मोबाईलवर बघितलं, कॅन्डलच्या खालीच व्हॉल्यूमच्या पट्ट्या असतात. मंगळवारची पट्टी आधीच्या दोन आठवड्यांतल्या बहुतेक पट्ट्यांपेक्षा बुटकी होती. म्हणजे मोठे खरेदीदार उतरले नव्हते, विकणाऱ्यांनी फक्त थोडी विश्रांती घेतली होती. आणि निकाल दोन दिवसांवर आलेत हे एक्स्चेंजच्या साइटवर आधीच जाहीर झालेलं असतं. निकालाच्या तोंडावर बनलेल्या कॅन्डलला काडीची किंमत नाही, कारण उद्या नवी माहिती येणार आणि तिच्यापुढे कालची शेपटी टिकणार नाही.

तिसरा प्रश्न : वर जागा किती आणि खाली खड्डा किती? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यात कमी शिकवला जातो. खरेदी २४६ ला. चुकलं हे कधी मान्य करायचं? हॅमरचं टोक तुटलं की, म्हणजे २३१ ला. जोखीम १५ रुपये. वर मागच्या वेळी विकणारे २५४ ला उभे होते, आणि आधीच्या दोन्ही उसळ्यांपेक्षा ते खाली सरकलेले. म्हणजे हाताशी येण्यासारखे ८ रुपये. आठ रुपयांसाठी पंधरा लावायचे. असे तीन सौदे केले आणि त्यातले दोन बरोबर आले, तर मिळाले १६ आणि गेले १५. ब्रोकरेज आणि टॅक्स धरले तर तेही नाहीत. तीनपैकी दोनदा बरोबर येऊनही हातात काही नाही, ही त्या ‘पुस्तकी’ हॅमरची खरी किंमत.

आणि स्टॉपलॉस लावला असता तर वाचला असता, असं म्हणणाऱ्यांसाठी : २३१ चा स्टॉप होता असं धरा. शुक्रवारी शेअर उघडलाच २२१ ला. विक्री त्याच्याच आसपास झाली असती, तोटा सहा हजारांऐवजी दहा हजारांच्या घरात गेला असता. रात्रीतून भाव उडी मारतो तेव्हा स्टॉप मधल्या भावाला विकून देत नाही.

चौथा प्रश्न : दुसऱ्या दिवशी काय झालं? हॅमर हा प्रश्न असतो, उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. घेणारे खरे असतील तर भाव हॅमरच्या डोक्यावर, म्हणजे इथे २४६ च्या वर, बंद व्हायला हवा. तो बंद झाला २४१ ला. बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबला असता तर पोराने हा सौदा केलाच नसता. थांबल्याने कधी कधी दोन-चार रुपये महाग घ्यावं लागतं, मान्य. ती फी समजा. क्लासच्या फीपेक्षा स्वस्त आहे.

‘तुमच्या भाच्याचं एक उदाहरण घेऊन किती झोडणार’ असं कुणी म्हणेल. ठीक. मग सगळ्या देशाने बघितलेलं उदाहरण घेऊ. मार्च २०२०, निफ्टी.

१२ मार्चला निफ्टी ९,५९० च्या आसपास बंद झाला. १३ मार्चला शुक्रवारी बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच दहा टक्के पडला, लोअर सर्किट लागलं, पाऊण तास व्यवहार थांबले. दिवसाचा तळ साधारण ८,५५५. आणि मग तिथून जी उसळी आली ती बघितलेले लोक अजून सांगतात. बंद झाला ९,९५५ ला. तळापासून चौदाशे अंक वर. पुस्तकी भाषेत तो नेमका हॅमर नव्हता, कारण अंगही मोठं होतं. पण लांब शेपटी होती, कालच्या लाल अंगाच्या निम्म्याहून वर बंद झाला होता, आणि ‘घेणारे जिंकले’ ही गोष्ट तर हॅमरपेक्षाही जोरात सांगत होता. शनिवार-रविवार सगळीकडे ‘तळ लागला’. सोमवारी, १६ तारखेला, निफ्टी साडेसातशेहून जास्त अंक पडला. २३ मार्चला परत लोअर सर्किट, बंद ७,६१० ला.

आता २५ मार्च बघा. २४ तारखेला छोट्या अंगाची लाल कॅन्डल होती, उघडणं ७,८४८ च्या आसपास, बंद ७,८०१, मधे तळ ७,५११. २५ ला निफ्टी ७,७३५ च्या आसपास उघडला आणि ८,३१८ च्या आसपास बंद झाला. कालचं अंग पूर्ण गिळलं, म्हणजे बुलिश एनगल्फिंग. पण गिळलेली कॅन्डल जेमतेम पन्नास अंकांच्या अंगाची. १३ तारखेच्या तमाशापुढे ही अगदी साधी. आणि ७,५११ चा तळ त्यानंतर आजवर तुटलेला नाही.

भारी दिसणारी फसली, साधी दिसणारी टिकली. फरक आकारात नव्हता, आजूबाजूला होता. १३ तारखेला भाव मोकळ्या हवेत पडत होता. जानेवारीतल्या १२,४३० वरून आलेला, जगभरची विक्री अजून रंगात. २३ मार्चला अमेरिकेच्या फेडने हवे तितके रोखे घेऊ असं जाहीर केलं, २४ ला तिथला बाजार जोरात उसळला, आणि आपल्याकडे २४ तारखेला आदल्या दिवसापेक्षा खाली जाऊनही भाव त्याच्या वर बंद झाला. विकणाऱ्यांचा जोर संपत आल्याची ही खूण कॅन्डल गिळली जायच्या एक दिवस आधी दिसत होती. तरीही सांगतो, २५ मार्चला कुणालाच खात्री नव्हती. त्याच दिवशी देश लॉकडाऊनमध्ये गेला होता. आजूबाजूचं बघितल्याने खात्री मिळत नाही. पैज वाजवी आहे की मूर्खपणाची, एवढंच कळतं.

वाजवी पैज कशी दिसते? समजा एक शेअर वर्षभरात १५० वरून २१० ला गेलाय. आता शांतपणे, कमी व्हॉल्यूमवर १८५ ला उतरलाय, आणि १८५ ही तीच पातळी आहे जी ओलांडायला त्याला आधी कित्येक महिने लागले होते. निकाल येऊन गेलेत. तिथे हॅमर बनला, तळ १८१, माथा १८७. दुसऱ्या दिवशी माथ्यावर बंद झाला. १८८ ला घेतला, चूक मान्य करायची १८० ला. जोखीम आठ, वर २१० पर्यंत जागा बावीस. असे दहा सौदे केले आणि सहा फसले, तर गेले ४८. चार जमले तर आले ८८. निम्म्याहून जास्त वेळा चुकूनही माणूस उभा राहतो. हॅमर इथेही आहे, पण त्याचं काम एवढंच : कधी घ्यायचं आणि कुठे हार मानायची हे दाखवणं. घ्यायचं की नाही हे आधीच ठरलेलं होतं.

अजून एक फसवणूक सांगायलाच हवी, कारण पोरं आता पाच मिनिटांच्या चार्टवर हे शोधतात. रोजच्या चार्टवर काल आणि आज यांच्यामध्ये एक रात्र असते, भाव वेगळ्या ठिकाणी उघडू शकतो, म्हणून गिळण्याला अर्थ येतो. पाच मिनिटांच्या चार्टवर पुढची कॅन्डल आधीची संपते तिथेच जवळपास सुरू होते. मग लाल कॅन्डलनंतर आलेली कुठलीही जरा मोठी हिरवी ‘एनगल्फिंग’ ठरते. दिवसातून डझनभर सापडतात. इतक्या वेळा वाजणाऱ्या घंटेला इशारा म्हणत नाहीत.

आता सार्वजनिक मुद्दा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. तो आकडा कॅन्डलचा नाही, भाच्याच्या रोखीच्या सौद्याचाही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण या क्लासमधून बाहेर पडलेला पोरगा पुढे जातो तो तिकडेच. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने आणखी एक गोष्ट केली. फक्त शिक्षण देतो म्हणणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत, म्हणजे शिकवण्याच्या नावाखाली टिप्स देता येणार नाहीत. हेतू चांगला. पण जुन्या चार्टची गंमत अशी की त्याची उजवी बाजू आधीच उघडी असते. सर शंभर हॅमरमधून वर गेलेले सहा निवडतात आणि पडद्यावर दाखवतात. उरलेले कुठे गेले हे विचारायची पद्धत वर्गात नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फी भरण्याआधी सरांना सांगा, आम्ही निवडलेल्या शेअरचा जुना चार्ट उघडा, उजवी बाजू कागदाने झाका. आता डावीकडून एकेक कॅन्डल पुढे सरकवा. जो जो हॅमर, जी जी एनगल्फिंग येईल, तिथे थांबून वहीत लिहा : घेणार की नाही, का, हार कुठे मानणार, वर किती जागा. मग कागद सरकवा. फसलेलेही लिहा. मी आणि भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत हे चार संध्याकाळी केलं. दुसऱ्या संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, “मामा, हे तर सगळीकडे आहेत.” त्याच्या फीमधून त्याला जे मिळालं नव्हतं ते दहा रुपयांच्या वहीत मिळालं.

भाचा मार्केट सोडत नाहीये, मीही सोड म्हणालो नाही. भिशीचे पैसे मात्र तो दरमहा दीड हजार करून आईला परत देतोय. आणि आमच्या साप्ताहिकात त्या क्लासची नवी जाहिरात आली, तेव्हा मी संपादकांना सांगितलं की जाहिरात म्हणून चौकटीत छापा, बातमी म्हणून मी लिहिणार नाही. ते काही बोलले नाहीत. जाहिरात चौकटीत आली आहे, पान तीन. फ्लेक्सवरची ओळ तीच आहे.

सर, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोहोचेलच, आपलं गाव लहान आहे. चार प्रश्नांची उत्तरं इथेच खाली द्या. आणि ते ‘डोळे झाकून’ तेवढं खोडा.